मित्र नापास झाला किंवा त्याचं काम सुटलं: थट्टा करायची की नुसतं जवळ बसायचं?

छत्रपती संभाजीनगरात मी अभ्यासिका चालवतो. परभणी, बीड, हिंगोली, जालन्याची पोरं स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी रूम करून राहतात, सकाळी सातला येऊन आपापल्या खुर्चीवर बसतात आणि रात्री मेसच्या वेळेला उठतात. दुपारी जरा जागा रिकामी होते तेव्हा वाळूजच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारे दोघं-चौघंही येतात. निकालाचा दिवस आणि कामावरून ‘ब्रेक’ मिळाल्याचा दिवस, हे दोन्ही मी पुष्कळ पाहिले. त्या दिवशी बाकीच्यांची एकच पंचाईत होते: काय बोलावं? बहुतेक जण घाबरून विनोद करतात. मला हेच प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेले, म्हणून ते एका जागी लिहून ठेवले.

तो स्वतःच विनोद करायलाय. मग मी केला तर काय बिघडलं?

सगळ्यात जास्त चूक इथंच होते, त्यामुळं यावर जरा सविस्तर लिहितो.

त्यानं केलेला विनोद कोणावर आहे, ते आधी ऐका. झालेल्या गोष्टीवर आहे की त्याच्या स्वतःवर? “पेपर काढणारा सासुरवाडीला भांडून आला होता वाटतं,” हा विनोद पेपरवर आहे. “ठेकेदाराला माझा चेहरा आवडला, म्हणून सहा महिने ठेवला, आता दुसरा चेहरा पाहिजे,” हा परिस्थितीवर आहे. असं बोलणारा माणूस त्या गोष्टीपासून दोन पावलं लांब उभा राहून तिच्याकडं बघतोय. पण “मीच पनवती आहे, माझ्या शेजारी बसू नका, लागण होईल,” हा विनोद स्वतःवर आहे. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात आणि हशाही सारखाच पिकतो. आतली गोष्ट मात्र उलटी असते. दुसऱ्यात त्यानं स्वतःला हलकं करून तुमच्यासमोर ठेवलंय, आणि तुम्ही हसलात की त्याला “खरंय” असं उत्तर मिळतं.

हा फरक माझ्या डोक्यातून निघालेला नाही. रॉड मार्टिन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००३ साली सहकाऱ्यांबरोबर विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. चौघांना जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच खाली पाडणारा. अडचणीतही गंमत शोधून स्वतःला सावरणं वेगळं, आणि लोक हसावेत म्हणून स्वतःला पायदळी घालणं वेगळं, असं त्यात आहे. दुसरी सवय ज्यांना जास्त असते त्यांच्यात उदासी आणि चिंताही जास्त दिसते.

म्हणून माझा साधा नियम असा आहे. विनोद पेपरवर, आयोगावर, ठेकेदारावर असेल तर खुशाल हसा, जमलं तर एक भर घाला. विनोद स्वतःवर असेल तर हसू नका. उपदेशही करू नका, “असं नको म्हणू” हे तर अजिबात नको. नुसतं बघा आणि अर्धं मिनिट थांबा. त्या अर्ध्या मिनिटात पुढचं वाक्य येतं, आणि खरं ते असतं.

पण माझ्या विनोदावर तो हसला. म्हणजे त्याला बरं वाटलं ना?

हसला यावरून तेवढं ठरवता येत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञानं बाजारात, कॉलेजात, रस्त्यावर लोक कधी हसतात याच्या सुमारे १,२०० नोंदी केल्या. त्यातलं विनोदानंतरचं हसू पाचातलं एकही भरत नव्हतं. बाकीचं सगळं “बरं, येतो मग”, “हो का?” असल्या साध्या वाक्यांपाठीमागचं होतं. आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसत होता. थोडक्यात, माणूस गंमत वाटली म्हणून कमी आणि समोरच्याशी संबंध टिकावा म्हणून जास्त हसतो. तुमचा मित्रही तुमचा मान राखायला हसला असेल.

मी हसू बघत नाही, हसल्यानंतर काय होतं ते बघतो. बरं वाटलेला माणूस हसल्यावर आपण होऊन काहीतरी बोलतो, गोष्ट पुढं नेतो. न वाटलेल्याचं हसू कापल्यासारखं थांबतं आणि हात मोबाइलकडं जातो. दुसरी खूण म्हणजे तोच विनोद दिवसात तीनदा येणं. चांगला विनोद माणूस नव्या माणसापुढं परत सांगतो, ते ठीक. त्याच चौघांपुढं तोच विनोद तिसऱ्यांदा आला, तर त्याला विनोद सांगायचा नसून काहीतरी वेगळंच सांगायचंय, आणि तेवढं एकच दार त्याला सापडलंय, असं समजा.

एखादा खरा प्रसंग सांगा ना, म्हणजे नीट कळेल.

सांगतो. त्याला नुसतं परभणीकर म्हणू. एमपीएससीची संयुक्त पूर्वपरीक्षा. शंभर प्रश्न, शंभर मार्क, चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एक बारीक गोष्ट: अंतिम उत्तरतालिका आली की पोरगं आपले मार्क आपणच काढतं. निकालाच्या दिवशी त्याला मार्क नवे कळत नाहीत, फक्त कट ऑफ कळतो. त्यामुळं महिनाभर डोक्यात एकच आकडा घेऊन तो हिंडत असतो.

दुपारी चारच्या सुमारास पीडीएफ आली. परभणीकर पाऊण मार्कानं मागं राहिला होता. पहिली दहा मिनिटं तो एकदम मजेत. “आयोगाला माझ्याशिवाय करमत नाही, परत फॉर्म भरायला लावणार बघा.” सगळे हसले. हा आयोगावरचा विनोद होता, हसणं बरोबर होतं. मग त्याचा रूममेट, अंबाजोगाईचा, म्हणाला, “पाचवा अटेम्प्ट ना? पंचवार्षिक योजना पूर्ण झाली.” परत हशा. परभणीकरही हसला, पण मी काउंटरवरून बघत होतो. त्यानं हसता हसता चार्जर गुंडाळून बॅगेत टाकला. रोज रात्री दहापर्यंत बसणारा पोरगा साडेचारला उठला.

टपरीवर गेले. तिथं पनवतीचा विनोद झाला. मेसमध्ये परत झाला. अंबाजोगाईकरानं मला नंतर सांगितलं की ताटात पोळ्या तशाच होत्या, आणि परभणीकर मध्येच, कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाला, “तीन. तीनच सोडायचे होते.”

अंबाजोगाईकर हुशार. त्याला हिशेब लगेच कळला: चुकलेले तीन प्रश्न कोरे सोडले असते तर कापलेला पाऊण मार्क वाचला असता. त्याच्या जिभेवर आलंही होतं, “लेका, गणितात कच्चा राहिलास.” पण त्यानं ते गिळलं आणि विचारलं, “कोणते तीन?”

या दोन शब्दांनी काम केलं. परभणीकरानं तिन्ही प्रश्न पर्यायांसकट सांगितले. एक चालू घडामोडींचा होता, त्यात त्यानं आधी बरोबर गोल रंगवायचा ठरवलं आणि मग मन बदललं. दुसऱ्यात दोन पर्यायांवर अडकला. तिसरा तर निव्वळ अंदाज. अर्धा-पाऊण तास तो तेच बोलत होता. अंबाजोगाईकर “मग?” आणि “हं” एवढंच म्हणत होता. सगळं सांगून झाल्यावर परभणीकर गप्प झाला आणि म्हणाला, “बापाला काय सांगू? औंदा सोयाबीन तसंच विकलं, भाव यायची वाट नाही बघितली. माझ्या क्लासच्या पैशासाठी.”

खरी गोष्ट ही होती. तीन प्रश्न वरचं टरफल होतं. दुपारी चार ते रात्री नऊ, पाच तास आणि पाच-सहा विनोद लागले तिथपर्यंत पोचायला.

मग अंबाजोगाईकरानं सल्ला दिला नाही. म्हणाला, “फोन आत्ता करतोस का सकाळी? मी बसतो शेजारी.” फोन त्याच रात्री झाला. वडील फार काही बोलले नाहीत, “जेवलास का?” विचारलं. दोन दिवस परभणीकर अभ्यासिकेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाला, “तो अंदाजाचा प्रश्न काढणारा भेटला पाहिजे मला एकदा, चहा पाजतो.” विनोद पुन्हा पेपरवर गेला होता. त्या दिवशी अंबाजोगाईकरानं पोटभर हसून घेतलं.

“थोडक्यात हुकलं रे” असं म्हटलं तर धीर येतो ना?

उलट होतं. तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू दुसऱ्यापेक्षा खूष दिसतो, हे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या चित्रणावरून संशोधकांनी दाखवलं होतं, १९९५ साली. रौप्यवाल्याच्या डोक्यात हुकलेलं सोनं असतं. कांस्यवाल्याला वाटतं, बरं झालं, पदकाविना नाही परतलो. पाऊण मार्कानं गेलेला पोरगा रौप्यवाल्यासारखा असतो, फक्त त्याच्या गळ्यात काहीच नसतं. वीस मार्कांनी गेलेला दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडतो आणि पाऊण मार्कवाला आठवडाभर छताकडं बघतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

त्याला “थोडक्यात” हा शब्द आधीच पाठ झालेला असतो. तुम्ही तो परत उच्चारता, एवढंच. थोडक्यात गेलेल्याची थट्टा तर सगळ्यात जपून करावी, किंवा करूच नये.

नोकरी गेली तरी हेच लागू होतं का?

बरंचसं होतं, पण एका गोष्टीत मोठा फरक आहे. परीक्षेचा निकाल सगळ्यांना माहीत असतो. नोकरी गेलेली गोष्ट बहुतेक वेळा घरी माहीत नसते.

वाळूजमध्ये कंत्राटी कामगाराला ‘काढलं’ कोणी म्हणत नाही, ‘ब्रेक दिला’ म्हणतात. शब्द असा आहे की जणू मधली सुट्टी. शिफ्ट संपताना सुपरवायझर सांगतो, उद्यापासून येऊ नको, बोलावतो मग. गेटपास जमा होतो. पोरगा रांजणगाव किंवा बजाजनगरच्या रूमवर येतो आणि दुसऱ्या दिवशीही डबा भरून त्याच वेळेला बाहेर पडतो, कारण बायको किंवा धाकटा भाऊ घरात असतो. माझ्या अभ्यासिकेत असे दोघं जण दिवसभर पेपर वाचत बसलेले मी पाहिलेत. एकाची कंपनीची चप्पल-बुटांची सवय अजून गेली नव्हती, सेफ्टी शूज घालूनच यायचा.

अशा माणसाला तुम्ही चौघांत म्हणालात, “काय, साहेब झालास का, दिवसा मोकळाच?” तर ते त्याला थट्टा म्हणून लागत नाही, गुपित फुटायची भीती म्हणून लागतं. तो लगेच काहीतरी खोटं बोलतो, आणि मग ते खोटं टिकवायला तुमच्यापासून लांब राहायला लागतो. म्हणून नोकरीच्या बाबतीत पहिला प्रश्न एकटं गाठून विचारायचा: “घरी माहितंय का?” त्यावरून पुढचं सगळं कळतं. माहीत असेल तर त्याला पुढच्या महिन्याच्या भाड्याबद्दल बोलायचं असतं. माहीत नसेल तर आधी ते गुपित त्याच्या छातीवरून उतरायला पाहिजे. विनोदाची जागा त्यानंतर.

गावाकडं पारावरचं आणखी वेगळं. तिथं लोक “सुट्टीवर आलास का?” विचारतात, त्यात वाईट हेतू नसतो. अशा वेळी मित्रानं उत्तर देऊन टाकावं, “हां, आलाय चार दिवस,” आणि विषय पाण्यापावसाकडं न्यावा. हे खोटं मी माफ धरतो.

आमच्या ग्रुपमध्ये शिव्या आणि टर उडवणं हेच प्रेम आहे. एकदम गोड बोललो तर तोच घाबरेल.

खरं आहे. ज्याला रोज “काय बे येड्या” म्हणता त्याला एकदम “तू खचू नकोस मित्रा” म्हणालात, तर त्याला वाटेल आपलं काहीतरी फारच वाईट झालंय. आवाज बदलायची गरज नाही. “चल येड्या, भजे खायला” हे सांत्वनच आहे. टर नेहमीचीच राहू द्या, फक्त ज्या जागी जखम आहे तिथं बोट घालू नका. त्याच्या केसांवर, गाडीवर, त्याच्या गावच्या रस्त्यावर बोला. मार्क, अटेम्प्ट, वय, लग्न, घरचे पैसे आणि ‘अमका बघ कसा लागला’, या सहा गोष्टी तेवढ्या सोडा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मीम टाकलं तर?

नको. समोर बसून केलेला विनोद वाईट पडला तर चेहरा बघून आवरता येतो. ग्रुपवर तो चाळीस लोकांच्या हसऱ्या इमोजींसह तिथंच पडून राहतो, आणि तुमचा मित्र तो रात्री दोनला एकटा परत वाचतो. निकालाच्या दिवशी ग्रुपवर पास झालेल्यांचं अभिनंदन चालू असतं, तेही त्याला दिसतच असतं. त्याला वेगळा मेसेज करा, दोन ओळींचा: “निकाल बघितला. रूमवर आहेस का, येऊ का?” प्रश्न असा ठेवा की त्याला हो किंवा नाही एवढंच लिहावं लागेल.

किती दिवसांनी थट्टा चालते?

दिवस मोजून सांगता येत नाही. २०१२ साली अमेरिकेत सँडी नावाचं वादळ आलं. त्यावरचे विनोद लोकांना कधी गमतीशीर वाटतात, हे संशोधकांनी वेगवेगळ्या दिवशी तपासलं. नुकसान झाल्यावर ते रुचेनासे झाले, मग हळूहळू रुचू लागले, सुमारे छत्तीस दिवसांनी सगळ्यात जास्त आवडले, आणि पुढं शिळे झाले. पण ज्याचं घर वाहून गेलं त्याचं घड्याळ वेगळं चालतं. लांबून बघणाऱ्याचा महिना हा ज्याच्यावर बेतलं त्याचा महिना नसतो.

मी एकच खूण धरतो. त्या गोष्टीवर नवा विनोद आधी त्याच्या तोंडून आला पाहिजे, आणि तो स्वतःवर नको. परभणीकराला तीन दिवस लागले. एका पोरीला पुढची परीक्षा होईपर्यंत लागले.

मैत्रीण असेल तर काही वेगळं?

लातूरला नीटच्या क्लासला राहिलेल्या माझ्या भाचीकडून कळलेलं सांगतो. जूनमध्ये निकाल लागतो. हॉस्टेलवर एकीचे ७२० पैकी मार्क मागच्या वर्षीपेक्षाही कमी आले. मैत्रिणींनी हसवायला म्हणून म्हटलं, “जाऊ दे गं, लग्न कर, मोकळी हो.” मुलांत हा विनोद नसताच झाला. तिच्यासाठी तो विनोद नव्हताच, कारण घरी खरंच स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि आणखी एक वर्ष रिपीट करायला द्यायचं की नाही, हे त्या निकालावर ठरणार होतं. ती हसली, बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्याच खोलीतल्या दुसरीनं काही न बोलता तिच्या केसांना तेल लावून दिलं. तेल लावताना दोघी एकमेकींकडं बघत नसतात, म्हणून बोलणं सोपं जातं, असं माझी भाची म्हणते. मला ते पटलं. मुलांतही गाडीवर मागं बसून जितकं बोललं जातं तितकं समोरासमोर बसून बोललं जात नाही.

मुलीच्या बाबतीत नापास होण्यामागं घरचा कोणता निर्णय टांगलेला आहे, ते आधी विचारा. “घरचे काय म्हणायलेत?” एवढं पुरे.

त्याला सांत्वन नकोच असेल तर?

असेही असतात. तुम्ही गंभीर चेहरा करून बसलात की ते म्हणतात, “अरे, मयताला आलायस का?” तेव्हा लगेच माघार घ्या. “बरं, जेवायला काय आहे?” म्हणा. त्याचा अर्थ त्याला दुःख नाही असा नाही, आत्ता नकोय एवढाच. जाता जाता “उद्या येतो” म्हणा आणि खरंच जा. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाशी लोक बोलतात.

सांत्वनातही एक फसवी गोष्ट आहे. “जे होतं ते चांगल्यासाठी,” “यापेक्षा मोठं काहीतरी लिहिलंय नशिबात,” ही वाक्यं ऐकायला मऊ असली तरी ती बोलणं बंद करतात. त्यापेक्षा वाईट विनोद परवडला, निदान त्यावर चिडता तरी येतं.

मी आधीच थट्टा करून बसलोय. आता?

मीही बसलो होतो. माझा एक जुना मित्र बँकेच्या परीक्षेत तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी चौघांत म्हणालो, “बँकेत जायचंच असेल तर खातं उघड की.” सगळे लोटपोट. तो चार महिने माझ्याशी बोलला नाही, आणि का बोलत नाही हे मला तीन महिने कळलंच नाही.

लगेच कळलं तर तिथंच सांभाळा: “चुकलं माझं, घाण बोललो.” एवढंच. “मी तर गंमत केली होती” हे जोडू नका, त्यानं माफीचा अर्थ ‘तूच मनाला लावून घेतलंस’ असा होतो. आणि विनोद चौघांत केला असेल तर चूकही त्याच चौघांत कबूल करा. मी माझ्या मित्राची माफी एकट्यात मागितली, त्यानं दिलीही, पण बाकीचे तिघं त्याला पुढची दोन वर्षं ‘खातेदार’ म्हणत राहिले.

फोनच उचलत नाही. काय करू?

वीस वेळा करू नका. एक मेसेज, एक फोन, मग प्रत्यक्ष जा. रूमपार्टनरला विचारा, जेवला का, झोपला का. दार उघडलं तर आत जाऊन बसा, नाही उघडलं तर पुढचं उत्तर वाचा.

नुसतं दुःख आहे की धोका आहे, हे कसं ओळखायचं?

रडणं, चिडणं, दोन दिवस न जेवणं, हे निकालानंतर होतं. त्यानं मी घाबरत नाही. मी घाबरतो ते वेगळ्या गोष्टींना. “माझ्यामुळं सगळ्यांना त्रास आहे,” “मी नसतो तर घरच्यांचे पैसे वाचले असते,” असं बोलणं, मग ते हसत का असेना. नोट्स, पुस्तकं, मोबाइल कोणाला तरी देऊन टाकणं. उधारी मिटवणं, जुन्या लोकांना फोन करून निरोप घेतल्यासारखं बोलणं. आणि खूप अस्वस्थ असलेला माणूस कारण नसताना एकदम शांत होणं.

अशा वेळी सरळ विचारा: “जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे यावर काम करणारे डॉक्टर ठामपणे सांगतात. बहुतेकांना कोणीतरी विचारल्याचं बरंच वाटतं. उत्तर हो आलं, किंवा नुसती मान खाली गेली, तर त्याला एकटं सोडू नका. गुपित ठेवायचं वचन देऊ नका. घरातल्या एका समंजस माणसाला कळवा. गावाकडं असेल तर फवारणीचं औषध त्या घरातून हलवा. शेजारच्या शेतातल्या खोलीत ठेवून कुलूप लावा. तो क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर बरंच ठरतं. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. दिवसरात्र चालू असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही मित्र म्हणूनही फोन करून काय करायचं ते विचारू शकता. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचे डॉक्टर असतात, तिथं बरोबर घेऊन जा. काही खाल्लंय-प्यायलंय असा नुसता संशय आला तरी वाट न बघता थेट दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा.

दुसऱ्या भरतीची जाहिरात पाठवू का?

पहिल्या दिवशी नको. त्याला ती तुमच्या आधी कळलेली असते. आठवड्यानं, तो स्वतः “पुढं काय” म्हणाला की पाठवा. शेवटची तारीख त्याआधी संपत असेल तर त्याला न विचारता फॉर्म भरायची उठाठेव करू नका, फक्त “अमक्या तारखेपर्यंत आहे, बघ” एवढं सांगून सोडा.

आणि मी स्वतः पास झालो असेन तर?

हे अवघड आहे. दोघं एकाच रूमवर, एक लागला आणि एक राहिला, असं दरवर्षी होतं. लपवू नका, पेढा मात्र त्याच्या हातात कोंबू नका. अंबाजोगाईकर त्याच यादीत होता, हे मी वर सांगायचं राहिलं. त्याचा नंबर परभणीकरानंच पीडीएफमध्ये शोधून दिला होता. पेढे त्यानं चौथ्या दिवशी आणले, आणि डबा माझ्या काउंटरवर ठेवून गेला. परभणीकर पाणी प्यायला उठला, डब्याशी थांबला, दोन घेतले.